"फक्त मॉडर्न करा की ओ" : लोगोचं काम देण्याआधी लोक हमखास विचारतात ते प्रश्न

सोलापुरात लोगो, लेबल आणि पॅकिंगची डिझाइनं करून मला बरीच वर्षं झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा पहिला मेसेज बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. जुन्या लेबलचा वाकडा फोटो, खाली "तेवढं मॉडर्न करा", आणि त्याखाली "शनिवारपर्यंत". मी उलट प्रश्न पाठवले की समोरून फोन येतो. त्या फोनवर जे विचारलं जातं ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवलंय. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं. मालकांनी परवानगी दिली आहे, नाव तेवढं लिहू नका म्हणाले. त्यांच्या मालाला बाजारात "पोपट छाप" म्हणतात असं धरून चालू. खरा पक्षी वेगळा आहे.

## आम्ही स्पष्ट सांगितलं ना, मॉडर्न पाहिजे म्हणून. मग पुन्हा प्रश्न कशाला?

कारण "मॉडर्न" ही तक्रार असते, आणि ती कशाबद्दल आहे ते त्या शब्दात नसतं. डॉक्टरांना "बरं वाटत नाही" एवढंच सांगितलं तर ते कुठे दुखतं हे विचारतीलच.

पोपट छापच्या मालकांनी मेसेज पाठवला तेव्हा मी पहिला प्रश्न केला, "मॉडर्न हा शब्द घरात पहिल्यांदा कोण म्हणालं?" हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो. मालक म्हणाले, मुलगा. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत आपला लोगो हिरव्या ठिपक्यासारखा दिसतो. पुण्याच्या एका हॉटेलच्या खरेदीवाल्याला कॅटलॉग पाठवला, त्यानं विचारलं हे भाजीचं आहे का." ऑनलाइन विक्री सूनबाई बघतात. त्यांची तक्रार निराळी होती. लोगोत पाच रंग, म्हणून पिशवीची छपाई महाग पडते, आणि एवढं करून रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. मालकांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं की पोपट काढून इंग्रजी अक्षर टाकलं म्हणजे मॉडर्न झालं. कारण शेजारच्या शेडवाल्यानं तसं केलं होतं.

म्हणजे एका घरात तीन मॉडर्न. लहान आकारात दिसावा, कमी रंगात छापता यावा, आणि शेजाऱ्यासारखा असावा. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या आणि दोन्हींवर इलाज होता. तिसऱ्याचं काय झालं ते पुढे येईल. प्रश्न न विचारता मी कामाला लागलो असतो तर मालकांचंच ऐकलं असतं, कारण मेसेज त्यांचा होता.

## तुम्ही आधी तीन-चार नमुने करून दाखवा, त्यातून आम्ही निवडतो. असं नाही का चालत?

चालायचं. मीही सुरुवातीला तसंच करायचो. एका शेंगा चटणीवाल्यांसाठी विचारपूस न करता तीन नमुने केले. चटणीचा लाल रंग खालून वर फिकट होत जातो असा एक होता, तोच त्यांना आवडला. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोला. चटणी कशात भरतात हे मात्र मी विचारलंच नव्हतं. एकाच रंगात छापलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचे. तसल्या पिशवीवर रबरी प्लेटनं छपाई होते, आणि ठिपके दाबाखाली थोडे पसरतात. फिकट होत जाणारा भाग ठिपक्यांचाच असल्यामुळे तो अर्धा काळपट डाग होऊन छापला गेला. त्यातली पांढरी अक्षरं बुजली ती वेगळीच. प्लेट दुसऱ्यांदा माझ्या खर्चानं झाली.

तेव्हापासून आधी प्रश्न, मग पेन्सिल. नमुनेही मी आता एक किंवा फार तर दोन दाखवतो. चार ठेवले की घरातले चौघे एकेक उचलतात आणि पाचवा माणूस चारही एकत्र करायला सांगतो.

## धंद्याबद्दल नेमकं काय विचारता? आमचा हिशेब सांगावा लागेल का?

हिशेब नको. गेल्या महिन्यातली कुठलीही 10 बिलं काढून ठेवा, ग्राहकाची नावं आणि रकमा झाका. मला फक्त गाव आणि माल दिसला तरी पुरे.

कारण "तुमचा ग्राहक कोण" असं विचारलं की "सगळेच" असं उत्तर मिळतं. पोपट छापच्या मालकांनीही तेच दिलं. मग आम्ही टेबलावर बिलं पसरली. दहापैकी सात घाऊक व्यापाऱ्यांची निघाली. चार कर्नाटकातली, कलबुर्गी आणि विजयपूरकडची, दोन तेलंगणातली, एक लातूरचं. दोन बिलं लॉजवाल्यांची, एक पंढरपूरचं आणि एक अक्कलकोटचं. उरलेलं एक कारखान्यावर येऊन चादरी नेणाऱ्या माणसाचं. ज्या पुण्याच्या हॉटेलासाठी घरात एवढी चर्चा चालली होती, त्याचं बिल अजून बनायचंच होतं.

पुढचा प्रश्न असतो, हे व्यापारी ऑर्डर कशी देतात? मालकांनी फोनवर बोलून दाखवलं. "पोपट, तीस-साठ, पांढरा, दोन गाठी." तीस-साठ हे टॉवेलचं इंचातलं माप, गाठ म्हणजे मालाचा बांधलेला गठ्ठा. कंपनीचं नाव कुणी घेतच नाही. नाव मराठीत आहे, व्यापाऱ्याचा गुमास्ता कानडी किंवा तेलुगू बोलणारा. दोघांना जोडणारा फक्त पोपट. कापडाच्या धंद्यात हे जुनंच आहे. गिरण्यांच्या काळापासून ठाणांवर चित्रांची तिकिटं लागायची, ती याचसाठी. वाचता न येणाऱ्या किंवा दुसऱ्या लिपीत वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला छाप ओळखता यावी. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच पेठेत ऐकू येतात, त्यामुळे इथे ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

इथे मालकांचा तिसरा मॉडर्न गळाला. पोपट काढून इंग्रजी अक्षर टाकलं तर दहापैकी सात बिलांवरच्या माणसांना ऑर्डर कुठल्या शब्दात द्यायची हेच कळणार नाही. मालक थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग पोपट राहू द्या की ओ, मला कुठं नकोय!"

## ग्राहकाबद्दल एवढंच पुरे का?

नाही. माल विकत घेणारा आणि तो वापरणारा, हे दोघे वेगळे असतील तर तेही मला सांगा. टॉवेलात असंच असतं. लॉजवाला विकत घेतो, अंग पुसतो भाविक. लॉजवाल्याला टॉवेलवर आपल्या लॉजचं नाव हवं असतं, तुमचं नाव मोठं दिसलं तर उलट नाराजी. पंढरपूरच्या लॉजवाल्यानं मालकांना आधीच सांगितलं होतं की लेबल छोटं लावा, कडेला लावा. म्हणजे या गिऱ्हाइकासाठी लोगो आणखी लहान व्हायला हवा होता. मॉडर्न म्हटलं की मोठा, ठळक, झगझगीत असं डोक्यात येतं. इथे चाल उलटीच होती.

## लोगो कुठेकुठे वापरणार याची यादी कशासाठी? लोगो तो लोगो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यादी तोंडी सांगू नका. कारखान्यात किंवा दुकानात एक चक्कर मारा आणि जिथे जिथे तुमचं चिन्ह दिसतं तिथे फोटो काढा. तोंडी सांगताना सगळ्यांना बोर्ड आणि व्हिजिटिंग कार्ड आठवतं. पोपट छापच्या मालकांनी तीन जागा सांगितल्या होत्या, फोटो नऊ निघाले. विणलेलं लेबल, गाठीवरचा स्टेन्सिल, प्लॅस्टिकची पिशवी, बिल, रबरी शिक्का, गेटवरचा बोर्ड, टेम्पोची बाजू, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी आणि ऑनलाइन दुकानाचं पान.

मग यातली सर्वात अवघड जागा कोणती ते ठरवायचं आणि लोगो तिच्यासाठी काढायचा. बोर्डावर काहीही चालतं. अवघड जागेवर जो टिकला तो बाकी ठिकाणी आपोआप टिकतो. इथे अवघड जागा दोन होत्या, लेबल आणि गाठ.

लेबल. टॉवेलच्या टेरीवर, म्हणजे लूप असलेल्या भागावर, भरतकाम करायला गेलं तर बारीक टाके लूपमध्ये बुडतात, म्हणून कडेच्या सपाट पट्टीत विणलेलं लेबल शिवतात. मालकांचं लेबल 40 मिमी रुंद, त्यात पोपट 12 मिमीचा. विणलेलं लेबल म्हणजे छपाई नव्हे, ते मागावरच तयार होतं. हे मालकांना समजावायला मला मिनिटभरही लागलं नाही. जकार्ड चादरीची नक्षी आधी ग्राफवर चौकटी भरून काढतात, एक चौकट म्हणजे एक धागा, हे ते लहानपणापासून बघत आलेत. लेबल म्हणजे बोटाएवढी चादर.

मग आम्ही चौकटी मोजल्या. लेबलवाल्याच्या मागावर सेंटीमीटरला 40 उभे धागे असं धरलं, म्हणजे मिलिमीटरला 4. जुन्या पोपटाची शेपटी 3 मिमी रुंद होती, म्हणजे चौकटी फक्त 12. आणि त्या शेपटीत चित्रकारानं 9 बारीक रेषा काढल्या होत्या! 9 रेषा आणि त्यांच्यामधल्या 8 फटी मिळून कमीत कमी 17 चौकटी लागतात. 12 चौकटींत 17 बसणारच नाहीत. म्हणून शेपटी आजवर नुसता हिरवा पट्टा म्हणून विणली जायची. नव्या पोपटाला आम्ही शेपटीत 3 पिसं ठेवली. प्रत्येक 2 चौकटींचं, मधे 2-2 चौकटींच्या दोन फटी, एकूण 10. दोन चौकटी उरल्या, त्या दोन्ही कडांना मोकळ्या सोडल्या.

डोळ्याचंही असंच झालं. आधी बुबुळ, पांढरा भाग, पापणी असं सगळं होतं. आता फक्त एक भोक. चोच मात्र आम्ही होती त्यापेक्षा थोडी मोठी केली, कारण पोपट आणि कबूतर यांतला फरक चोचीतच असतो. लहान आकारात तेवढाच फरक शिल्लक राहतो.

गाठ. गाठीवर पत्र्याचा स्टेन्सिल ठेवून ब्रशनं काळा रंग मारतात. स्टेन्सिलची एक गोम असते. अक्षरातली बंद जागा पत्र्यात तरंगती राहते आणि गळून पडते. इंग्रजीत ही अडचण O, A, P अशा थोड्याच अक्षरांना येते. देवनागरीत शिरोरेषा वरून झाकण घालते, त्यामुळे प, म, ष अशा अक्षरांच्या पोटातही बंद जागा तयार होते. व, ब, ठ तर मुळातच बंद. जुने पेंटर यावर इलाज म्हणून अक्षरांत बारीक पूल सोडायचे आणि शिरोरेषा मधेमधे तोडायचे. आम्ही नावाची एक स्टेन्सिल प्रत वेगळी काढून दिली, तिच्यात हे पूल आधीपासून ठरवलेले आहेत. पत्रा कापणाऱ्यानं मनानं पूल टाकले की दर वेळी नाव निराळं दिसतं. आधीच्या तीन पत्र्यांवर तीन निराळी नावं असल्यासारखं दिसत होतं.

## शिरोरेषा काढून टाकली की एकदम मॉडर्न दिसतं. तसं करा ना.

हे फार जण सांगतात. काही नावांना शोभतं, काहींचा घात होतो. भ आणि म, ध आणि घ, यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषा कुठे तुटते यावर असतो. रेषाच काढली तर "धागा"चा "घागा" व्हायला वेळ लागत नाही. कापडाच्या धंद्यात हा शब्द नावात बऱ्याचदा असतो, म्हणून सांगतो.

आमची कसोटी सोपी आहे. रेषेविना लिहिलेलं नाव कागदावर 1 सेंटीमीटर उंचीत छापायचं आणि ते नाव आधी न ऐकलेल्या तिघांना वाचायला द्यायचं. एक जरी अडखळला तरी रेषा परत आणायची. घरच्यांना देऊन उपयोग नाही, त्यांना नाव पाठ असतं.

## नेटवर मराठी फॉन्ट फुकट मिळतात. त्यातलाच एक घेऊन टाका.

घेतो की. मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आहेत, मुक्ता आणि बालू मी स्वतः वापरतो. मात्र एक बघावं लागतं. बऱ्याच फॉन्टांत ल आणि श आपोआप हिंदी वळणाचे येतात. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श फॉन्टमध्ये असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत, आणि काही सॉफ्टवेअरात तेवढ्यानंही येत नाहीत. "सोलापूर" या शब्दातच ल आहे, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक लेबलवर हा प्रश्न येतो. ग्राहक बोट ठेवून सांगू शकत नाही, पण "काहीतरी आपल्यातलं वाटत नाही" असं म्हणतो ते अनेकदा या ल मुळे. पोपट छापमध्ये मी ल हातानं दुरुस्त केला.

## डीपीत पूर्ण नाव दिसायलाच हवं. पैसे कशाचे देतोय मग?

डीपी गोल कापला जातो आणि चॅटच्या यादीत नखाएवढा दिसतो. त्यात आडवं लांब नाव घातलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. आणि नाव तर डीपीच्या शेजारी लिहिलेलं असतंच! पोपट छापसाठी डीपीत फक्त पोपटाचं डोकं ठेवलं, चोच डावीकडे, मागे सपाट हिरवा रंग. मालकांना सुरुवातीला मुंडकं तोडल्यासारखं वाटलं. सूनबाईंनी तो डीपी त्यांच्या फोनवर लावून दाखवला, तेव्हा वाद संपला.

## रंग किती ठेवायचे?

आधी एका रंगात उभा राहायला हवा. शिक्का, बिल, गाठ, सगळीकडे एकच रंग मिळतो. काउंटरवरचा छोटा बिल प्रिंटर तर काळा ठिपका उमटवतो किंवा नाही, मधला करडा त्याला ठाऊकच नसतो. म्हणून मी पहिल्या बैठकीला नमुना कायम काळ्यातच दाखवतो. लोक नाराज होतात, "रंग कुठाय?" म्हणतात. पण हिरवा दाखवला की चर्चा हिरव्यावर जाते आणि पोपट कबुतरासारखा दिसतोय हे कुणी बघत नाही.

पोपट छाप पाच रंगांवरून दोनवर आला, हिरवा आणि लाल चोच. लेबलमध्ये प्रत्येक जादा रंग म्हणजे आडवा एक जादा धागा, त्यानं लेबल जाडही होतं आणि महागही. लॉजच्या टॉवेलाला गरम पाणी आणि ब्लीच रोजचं, तेव्हा लेबलाचा धागा पक्क्या रंगाचा पॉलिस्टर घ्या आणि आधी दहा धुलाया करून बघा. हे काम डिझाइनरचं नाही, पण सांगून ठेवतो.

## लोगोत सिद्धेश्वर मंदिर टाकता येईल का? गड्ड्याच्या यात्रेला माल चांगला खपतो.

टाकता येईल. पण यात्रेत एक फेरी मारा आणि किती पाट्यांवर आधीच मंदिर आहे ते मोजा. ओळख पटावी म्हणून काढलेलं चित्र सगळ्यांकडे असेल तर ओळख पटत नाही. गावाचा अभिमान दाखवायचा असेल तर नावाखाली "सोलापूर" लिहा.

## "सोलापुरी चादर" हेच नाव लोगोत मोठं केलं तर?

हे नाव एकट्या कुणाचं होऊ शकत नाही. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ते नाव इथल्या उत्पादकांचं सामाईक आहे आणि ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते. ते मानांकन लेबलवर जरूर दाखवा, पण तुमची छाप त्याहून वेगळी हवी. शेजारच्या गाळ्यावरही तेच लिहिलेलं असणार आहे.

## लोगो बदलला तर ट्रेडमार्कचं काय?

हा प्रश्न लोक लोगो झाल्यावर विचारतात. आधी विचारा. चादरी, टॉवेल यांचा वर्ग 24, तयार कपड्यांचा 25. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योग यांना ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे 4500 रुपये शासकीय फी आहे, इतरांना 9000. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्यासारखी छाप आहे का ते फुकट शोधता येतं.

जुन्या धंद्याला यात एक वेगळं राखायचं असतं. तुम्ही छाप कधीपासून वापरताय याला वजन असतं, आणि पुरावा म्हणजे जुनी बिलं, जुनी लेबलं. पण तो पुरावा जुन्या पोपटाचा असतो. पोपट पार बदलून टाकला तर नव्या चित्राचा वापर आजपासून सुरू झाला असं म्हणायची पाळी येऊ शकते. म्हणून आम्ही पोपटाची बसण्याची ढब, तोंडाची दिशा आणि खालची फांदी तशीच ठेवली. मालकांनी जुन्या लेबलांचा एक गठ्ठा आणि सर्वात जुन्या बिलबुकातली काही बिलं पिशवीत घालून कपाटात ठेवली आहेत. पुढचं वकिलाला विचारा, मी वकील नाही. आणि नोंदणी होईपर्यंत नावापुढे गोलातला R लावू नका, कायद्यानं तो गुन्हा आहे. TM लावायला हरकत नाही.

## पैसे दिले म्हणजे लोगो आमचाच ना?

कागद करा. कलाकृतीचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कॉपीराइट कायद्यात लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. मी शेवटच्या बिलाबरोबर एक पानी कागद देतो, त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहिलेलं असतं. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलंत तरी हा कागद मागून घ्या.

## फायली कुठल्या मिळतात? आम्हाला जेपीजी पुरे.

जेपीजी बोर्डावर मोठी केली की फुटते, आणि मागे पांढरा चौकोन येतो. आम्ही पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल देतो. आपल्याकडचे फ्लेक्सवाले, शिक्केवाले अजून कोरलवरच आहेत, त्यातही कित्येकांकडे जुनं व्हर्जन. म्हणून फाइल जुन्या व्हर्जनमध्येही जतन करून देतो आणि अक्षरं `Ctrl+Q` नं कर्व्ह करून देतो, म्हणजे ती फॉन्ट न राहता चित्रासारख्या रेषा होतात. तसं केलं नाही तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसतो आणि तुमच्या नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांत हे हमखास होतं.

## जुन्या छापील पिशव्या शिल्लक आहेत. फेकायच्या का?

अजिबात नाही, वापरून संपवा. पोपट तोच असल्यामुळे जुनी पिशवी आणि नवं लेबल एकत्र गेलं तरी व्यापाऱ्याला शंका येत नाही. आधी लेबल बदललं, मग डीपी, मग गाठीचा पत्रा. पिशवी सर्वात शेवटी. गेटवरचा बोर्ड अजून जुनाच आहे.

## शनिवारपर्यंत होईल का?

नाही. बिलं आणि फोटो मिळाल्यापासून तीन आठवडे धरा. त्यातला एक आठवडा लेबलवाल्याकडून नमुना विणून यायला जातो, आणि तो हातात आल्याशिवाय मी फाइल अंतिम करत नाही. पोपट छापच्या पहिल्या नमुन्यात डोळ्याचं भोक बुजून आलं होतं. स्क्रीनवर ते स्वच्छ दिसत होतं. दोन चौकटींचं भोक तीनचं केलं, तेव्हा पोपटाला डोळा आला.

## उत्तरं लिहून पाठवायला वेळ नाही. मग?

व्हॉइस नोट पाठवा, सोलापुरी बोलीत पाठवा, कानडी मिसळली तरी चालेल. मला तीन गोष्टी हव्यात. मॉडर्न हा शब्द घरात कोण म्हणालं आणि का, त्या दहा बिलांची गावं, आणि छाप लागते त्या प्रत्येक जागेचा फोटो. फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

फोटो दुपारी बाराच्या आत काढा. त्यानंतर शेडच्या पत्र्याखाली उन्हाची तिरीप येते आणि लेबल पांढरंफटक दिसतं.